आधी एकच विचारायचं: आत्ता बिल निघतंय का?

दुकानांना बिलिंग सॉफ्टवेअर पुरवतो. तक्रारी बघायला आम्ही दोघंच, मी आणि माझा भागीदार. सुरुवातीला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तासाभरात उत्तर मिळेल. ते जेमतेम तीन आठवडे टिकलं.

एका 10 तारखेला एक मेडिकलवाले बिलावरच्या लोगोसाठी चार वेळा फोन करून ओरडले. त्यांचं काम तेवढ्यात झालं. त्याच वेळी एका किराणा दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच शब्द टाकले होते, "बिल अडकलंय". ते मी दोन तासांनी पाहिले. तोवर तो वहीत हाताने लिहीत होता.

मग पंधरा दिवस मोजलं. रोज साधारण 42 तक्रारी, प्रत्येकीला सरासरी 20 मिनिटं, म्हणजे 14 तास. जेवण-चहा वजा जाता आमच्या दोघांकडे मिळूनही रोज 14 तासच! एक दिवस जरा जास्त तक्रारी आल्या की ती शिल्लक पुढे कधी फिटतच नाही. त्यात दुकानदारांच्या मासिक जीएसटी रिटर्नपैकी जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेला आणि 3बी ची 20 तारखेला, म्हणजे त्याआधीचे दोन दिवस हमखास गर्दी.

आता फोन आला की पहिला प्रश्न, "दादा, आत्ता बिल निघतंय का?" नाही म्हणाले तर लाल, 15 मिनिटांत आमच्यापैकी कोणीतरी बोलणार. बिल निघतंय, पण रिटर्न दोन दिवसांत भरायचंय, तर पिवळं, दोन तासांत. बाकी सगळं हिरवं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. हिरवं दोन दिवस पडून राहिलं की आपोआप पिवळं होतं, नाहीतर लोगोवाले महिनाभर लटकले असते. ही वेळ पहिल्या खऱ्या उत्तराची. दुरुस्ती कधी होईल ते त्या उत्तरातच सांगायचं.

सकाळी एकजण फोनवर, दुसरा जुन्या तक्रारींवर, जेवणानंतर अदलाबदल. दुसऱ्याने फोन उचलायचा नाही, लाल असेल तरच. हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं.

ग्राहकाकडून माहिती हवी असेल तर घड्याळ थांबवायचं, असंही ठरवलं होतं. महिन्याभरात लक्षात आलं, वेळ संपत आली की आम्ही दोघंही "स्क्रीनशॉट पाठवा" असं लिहून मोकळे होतोय, गरज असो वा नसो. आकडे छान दिसत होते, दुकानदार मात्र वैतागलेले. आता घड्याळ एका तक्रारीत एकदाच थांबतं. सरासरीही बघणं सोडलं, कारण दोन दिवस ताटकळलेला माणूस तिच्यात दिसत नाही. दहापैकी नऊ जणांना वेळेत उत्तर मिळालं का, आणि दहावा कोण, एवढंच शनिवारी बघतो.

एक रजेवर असला की हिरव्याची मुदत तीन दिवस, आणि ते सकाळीच ग्रुपवर कळवतो. 9 ते 11 आणि 18 ते 20 या तारखांना रजा नाही. भागीदाराच्या मेव्हण्याचं लग्न नेमकं 19 ला निघालं, तेव्हा काय झालं ते विचारू नका.