हिरव्या सौद्यात दोन रुपये तोटा

जुलैत आमच्या शहापूरच्या ऑफिसात रिटर्नवाल्यांची रीघ असते. बाहेर पावसाची झड, आत ओल्या छत्र्या आणि फॉर्म १६. अशाच एका सकाळी वडगावचे एक यंत्रमागवाले थोरल्या पोराला घेऊन आले. मागाचा हिशेब मी बरीच वर्षं बघतो, त्यात काही नवीन नव्हतं. नवीन होती ती पोराची फाईल. त्याच्या ट्रेडिंग खात्यावर वर्षभरात शेअरचे ८६० इंट्राडे सौदे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेले, झाले होते.

पोरगा हुशार. बी.कॉम. झालेला, बोलायला चटपटीत. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "काका, नफा आहे की ओ माझा. ॲपवर बघा, ८,६०० रुपये हिरव्यात आहे. शंभरातले पंचावन्न सौदे बरोबर येतात माझे." वडील गप्प होते. त्यांनी तेवढ्याच वर्षात खात्यावर तीनदा पैसे भरले होते आणि खातं मात्र रिकामं होतं. नफा असेल तर पैसे गेले कुठं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी ब्रोकरचं वर्षाचं स्टेटमेंट उघडलं. ८,६०० हा आकडा खरा होता, पण तो खर्च वजा करायच्या आधीचा. खाली खर्चाची बेरीज सुमारे ७१,००० होती. म्हणजे हातात तोटा ६२,४०० चा.

पोराला बेरीज पटेना. मग एकच कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून येणारी सौद्यांची पावती, काढली आणि त्यातला एकच सौदा घेतला. ५०० रुपयांच्या आसपासचा शेअर, २०० नग, म्हणजे लाखभराचा माल. खात्यात होते वीस हजार. इंट्राडेला खात्यातल्या पैशाच्या पाचपट माल घेता येतो, म्हणून लाखाची उडी. पद्धत ठरलेली: एक मिनिटाचा चार्ट, ५० पैसे वर गेला की विकायचं, ते टार्गेट; ५० पैसे खाली आला की तोटा घेऊन बाहेर पडायचं, तो स्टॉपलॉस.

चार्टवर ५०० दिसला तेव्हा त्यानं मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्यायची ऑर्डर, टाकली. चार्टवर दिसतो तो शेवटचा झालेला भाव. घेणाऱ्याला द्यावा लागतो तो विकणाऱ्यानं सांगितलेला भाव, आणि तो ५००.०५ होता. विकताना चार्टवर ५००.५० होता, पण घेणारा उभा होता ५००.४५ ला. चार्टवरचे ५० पैसे हातात येईपर्यंत ४० झाले. शंभराचा सौदा ८० चा. घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावातल्या या फरकाची, म्हणजे स्प्रेडची, कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये वेगळी ओळ कुठंच नसते, तो भावातच मुरलेला असतो. म्हणून लोकांच्या तो लक्षातच येत नाही.

आता ज्या ओळी असतात त्या. ब्रोकरेज घेताना २० आणि विकताना २०. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर, विक्रीवर ०.०२५ टक्के, लाखाला २५ रुपये. एक्सचेंजचा आकार लाखाला तीनच्या आसपास, दोन्ही बाजूंचा मिळून सहा. स्टॅम्प ड्यूटी खरेदीवर तीन. ब्रोकरेज आणि एक्सचेंज आकारावर १८ टक्के जीएसटी, आठ-सव्वाआठ. सेबीची फी २० पैसे, ती सोडून द्या. सगळं मिळून ८२ रुपये आणि वर काही पैसे.

म्हणजे कमाई ८०, खर्च ८२. ॲपवर हा सौदा हिरवाच दिसत होता.

पोरगा कॅल्क्युलेटर ओढून स्वतः बेरीज करत बसला. दोनदा केली. वडील म्हणाले, "म्हणजे टार्गेट लागलं तरी दोन रुपये गेले?" गेलेच की.

स्प्रेड क्षणभर बाजूला ठेवला, तरी गणित सुधारत नाही. बरोबर आलं तर १०० मधून ८२ जाऊन १८ उरतात. चुकलं तर १०० आणि वर ८२, असे १८२ जातात. ना नफा ना तोटा व्हायचं तर शंभरातले ९१ सौदे बरोबर यायला हवेत. याचे ५५ येत होते, आणि एक मिनिटाच्या चार्टवर ५५ हेसुद्धा वाईट नाही.

"मग ब्रोकरेज शून्यवाला ब्रोकर बघतो," तो म्हणाला. बघ बापडा, पण एसटीटी, स्टॅम्प, एक्सचेंज आणि त्यावरचा जीएसटी मिळून ३५ रुपये तरीही जाणारच. आणि मार्केटऐवजी लिमिट ऑर्डर, म्हणजे आपणच भाव ठरवून दिलेली ऑर्डर, लावली की स्प्रेड वाचतो, हे त्याचं म्हणणं अर्धंच खरं. घ्यायची लिमिट ऑर्डर हमखास कधी भरते? भाव खाली घसरत तुमच्या अंगावर येतो तेव्हा. भाव वर सुटला, तर तुम्ही रांगेत मागं आणि ऑर्डर तशीच लोंबकळत. चुकायचे सौदे सगळे मिळतात, बरोबर यायच्यातले बरेच हुकतात.

तेवढ्यात साडेदहा वाजले होते, बाजार चालूच होता. त्यानं मोबाईलवर तोच शेअर लावला, माझ्याकडच्या मुलानं दुसऱ्या ब्रोकरच्या ॲपवर कॉम्प्युटरला लावला. तेच मिनिट, तोच शेअर, आणि कँडलची, म्हणजे चार्टवरच्या त्या मिनिटाच्या पट्टीची, खालची शेपटी एकीकडं दहा पैशांनी लांब. पोरगा चाट पडला. ॲपला प्रत्येक सौदा येत नाही, थोड्या थोड्या वेळानं भावाचा नमुना येतो. कुणाच्या नमुन्यात नीचांक सापडतो, कुणाच्यात निसटतो. त्या शेपटीवर बेतून हा स्टॉपलॉस लावत होता. शिवाय भाव जागचा हलला नसतानाही एक सौदा घेणाऱ्याच्या भावाला, पुढचा विकणाऱ्याच्या भावाला झाला, तरी कँडल लाल-हिरवी होत राहते.

मग मी त्याला कागदावर एक हिशेब करून दाखवला, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. हा शेअर दिवसात साधारण दीड टक्का हलतो, म्हणजे साडेसात रुपये. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, ३७५ मिनिटं. भाव पुढं-मागं भरकटत असतो, त्यामुळं मिनिटाची हालचाल काढायला ३७५ नं नव्हे, त्याच्या वर्गमुळानं, १९.४ नं भागायचं. येतात ३९ पैसे. सकाळी जास्त, दुपारी कमी, पण अंदाज हाच. आता खर्च बघा: ८२ रुपये भागिले २०० नग, ४१ पैसे. एका मिनिटात शेअर जेवढा आपसूक भरकटतो, तेवढाच एका सौद्याचा खर्च. पन्नास पैशांचा स्टॉपलॉस तर दोन-तीन मिनिटांच्या नुसत्या हेलकाव्यातच उडतो. अंदाज चुकलाच असं नाही.

"पाच मिनिटांचा चार्ट घेतला तर?" वर्गमूळ सव्वादोन, हालचाल ८७ पैसे, खर्च ४१ च. निम्मा. पंधरा मिनिटांना हालचाल दीड रुपया, खर्च पावपेक्षा थोडा जास्त. खर्चाचा भार हलका होतो, पण भाव कुठल्या बाजूला जाणार हे त्यानं कळत नाही. नग वाढवले तर ब्रोकरेजचे २० अंगाला लागत नाहीत; पाच लाखांच्या सौद्यात ५०० च्या टार्गेटला खर्च २२५ च्या आत येतो. पण तेवढे नग पहिल्या भावाला मिळतीलच असं नाही, आणि त्यासाठी खात्यात लाख रुपये हवेत. लाख म्हटल्यावर वडिलांनी पोराकडं बघितलं.

सेबीनं जुलै २०२४ मध्ये इंट्राडेवाल्यांचा अभ्यास काढला होता, तोही दाखवला. २०२२-२३ मध्ये दहातले सात जण तोट्यात, आणि वर्षात ५०० च्या वर सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. याचे ८६०.

राहिलं रिटर्न. शेअरचं इंट्राडे हे सट्टा-व्यवसायाचं उत्पन्न, त्यामुळं आयटीआर ३. एसटीटीसकट सगळा खर्च वजा मिळतो, म्हणून ८,६०० वर कर नाही, ६२,४०० चा तोटा दाखवायचा. मात्र तो इतर कमाईतून वजा होत नाही. पुढची चार वर्षं फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून होतो, तोही रिटर्न मुदतीत भरलं तर. हे ऐकून पोरगा म्हणाला, "म्हणजे तोटा वळता करून घ्यायला परत ट्रेडिंगच करायला पाहिजे की!"

वडिलांनी पॅन कार्डची झेरॉक्स पुढं सरकवली आणि विचारलं, "ते नको. खातं बंद करायचा फॉर्म तुमच्याकडंच मिळतो काय?" तो ब्रोकरकडं मिळतो, आणि सही पोराचीच लागते.