मान टाकलेला चार्जर

लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर भिंतीत खोचावा, वळून दोन पावलं जावं, तोवर त्याने मान टाकलेली असते. दिवा लागतो, विझतो. मग घरातला प्रत्येक जण येताजाता त्याला टपली मारून सरळ करतो.

त्याचं वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम. पण खरी भानगड वजनाची नाही, ते भिंतीपासून किती पुढे लोंबतंय त्याची आहे. ठोकळ्याचा भार साडेतीन सेंटीमीटर पुढे आणि पिनांची आतली पकड दीड सेंटीमीटर धरली, तर बाहेरचं टोक खाली जाताना आतलं टोक सॉकेटातल्या धातूच्या पट्टीला जवळजवळ तीनशे ग्रॅमच्या जोराने वर ढकलतं. दोन पिनांच्या चार्जरमध्ये दोन्ही पिना एकाच आडव्या रेषेत, त्यामुळे वरून धरून ठेवायला कुणीच नाही. थ्री-पिनमध्ये अर्थिंगची जाड पिन वर असते. ठोकळा झुकू लागला की ती आधी बाहेर ओढली जायला हवी, आणि तिची पकड ते सहसा होऊ देत नाही.

त्यात अनेक दोन पिनांच्या चार्जरच्या पिना चार मिलिमीटरच्या, तर आपल्या थ्री-पिनच्या खालच्या दोन पिना पाच मिलिमीटरच्या. त्याच सॉकेटात रोज इस्त्री लावली असेल, तर आतल्या पट्ट्या जाड पिनेने फाकतात, वर तापून त्यांचा ताणही जातो. कपड्यांच्या जुन्या चिमट्यासारखी गत. मग बारीक पिन आत नुसती पडून राहते.

यावर घरोघरी कागदाची घडी कोंबतात, काडी खुपसतात, पिना वाकवतात. यातलं काहीही करू नये. ढिल्या सांध्यात ठिणगी उडते, तो तापतो आणि पकड आणखी सुटते. चर्रर्र आवाज, जळका वास, भोकाभोवती तपकिरी डाग किंवा हाताला गरम लागणारी पिन, यातलं एक जरी दिसलं तरी तो पॉइंट बंद ठेवायचा.

कन्व्हर्टर लावला की चार्जर नीट बसतो, असं सांगणारे भेटतात. पण चार सेंटीमीटर जाडीच्या कन्व्हर्टरने तोच भार साडेसात सेंटीमीटर पुढे जातो. झुकवणारा जोर दुपटीहून जास्त!

खरा उपाय साधा आहे: सॉकेट बदलणं. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, आयएसआय मार्कचं सहा अँपिअरचं नवं सॉकेट वायरमनकडून बसवून घ्यायचं. त्याच वेळी मागचे स्क्रूही आवळून घ्यावेत, कारण कधी पकड ठीक असते आणि ढिली असते ती वायर. नव्या सॉकेटातही ठोकळा झुकलाच, तर चांगली एक्स्टेंशन कॉर्ड घ्यावी. भिंतीत तिचा हलका थ्री-पिन प्लग, आणि चार्जर टेबलावर आडवा.