तुम्ही विचारलंत म्हणून: पित्ताशय काढल्यावर तुपाचं काय?

"माझं पित्ताशय काढलंय. आता तूप-तेल पचणारच नाही ना? कायमचं बंद करू का?"

नाही, बंद करू नका. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे हात जरा आखडता ठेवा, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर या. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि खड्यांचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्यापुढे रोज बसतात. त्यातली बरीच जण वर्षभर कोरडी भाकरी आणि फोडणीविना वरण खाऊन सुकलेली असतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आधी 'पित्त' या शब्दाचा घोळ सोडवू. 'मला पित्त झालंय' म्हणताना आपण ज्या आंबट पाण्याबद्दल बोलतो ते जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त कडू आणि हिरवट-पिवळं असतं, आणि ते यकृतात तयार होतं. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते बनवत नाही, नुसतं साठवतं आणि त्यातलं पाणी शोषून ते दाट करतं. त्या पिशवीत मावतं किती? ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे अर्धी कटिंगसुद्धा नाही. पिशवी गेली तरी यकृत जागेवर आहे आणि पित्त येतच राहतं. फरक एवढाच, की पूर्वी जेवणाच्या वेळी दाट पित्ताची एक पिचकारी यायची, आता पातळ पित्त दिवसरात्र झिरपत असतं.

आता हे पित्त तुपाचं नेमकं करतं काय? शाळेत आपण शिकलो, 'पित्तामुळे चरबीचं पायसीकरण होतं', म्हणजे चरबी फुटून तिचे बारीक थेंब होतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

१० ग्रॅम तूप घ्या. त्याचा आकार साधारण ११ मिलिलिटर. ते पाण्यात एकाच गोळ्याच्या रूपात राहिलं, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे २४ चौरस सेंटिमीटर भरेल, चार-पाच टपाल तिकिटांएवढा. तेच तूप एक मायक्रोमीटर जाडीच्या थेंबांत फुटलं, तर सगळ्या थेंबांचा मिळून पृष्ठभाग ६६ चौरस मीटर होतो. सातशे चौरस फुटांचं घर म्हणा ना! चरबी तोडणारं लायपेज हे एन्झाइम पाण्यात विरघळतं, चरबी विरघळत नाही, म्हणून त्याला काम करता येतं ते फक्त थेंबाच्या पृष्ठभागावर. म्हणून हे फोडणं इतकं मोलाचं.

पण फोडण्याचं श्रेय एकट्या पित्तक्षारांना, म्हणजे पित्तातल्या साबणासारख्या द्रव्यांना, देता येत नाही. जठराच्या घुसळण्यानं ते काम सुरू झालेलं असतं, आणि पित्तातलं लेसिथिन नावाचं स्निग्ध द्रव्य त्यात मोठा हात लावतं. उलट पित्तक्षार लायपेजला अडचणच करतात. रिठ्याच्या पाण्यात तेलकट भांडं बुडवलं की फेस जसा तेलाला चहूबाजूंनी वेढतो, तसे ते थेंबावर दाटी करून बसतात आणि लायपेजला तिथं टेकू देत नाहीत. परीक्षानळीत शुद्ध लायपेज आणि चरबी घेऊन त्यात शरीरात असतात तेवढे पित्तक्षार घातले, तर काम जवळजवळ थांबतं.

शरीर यातून वाट कशी काढतं, हे मला आजही शिकवताना थांबायला लावतं. लायपेज ज्या स्वादुपिंडात बनतं, त्याच स्वादुपिंडातून कोलायपेज नावाचं एक छोटं प्रथिन येतं. ते पित्तक्षारांच्या गर्दीतही थेंबाला चिकटतं आणि लायपेजला धरून ठेवतं, निसरड्या उतारावर खुंटी ठोकावी तसं. मग लायपेज ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे तीन फॅटी अॅसिडं जोडलेल्या चरबीच्या रेणूच्या, दोन टोकांची फॅटी अॅसिडं तोडतं आणि मधलं एक तसंच ठेवतं. हाती येतात दोन सुटी फॅटी अॅसिडं आणि एक मोनोग्लिसराइड.

पित्तक्षारांचं खरं काम इथं सुरू होतं. तोडलेला हा माल थेंबाच्या पृष्ठभागावर साचत राहिला तर पुढची तोड अडते. पित्तक्षार तो माल उचलून मायसेल नावाच्या अगदी बारीक पुंजक्यांत भरतात. मायसेल काही नॅनोमीटरचा असतो, त्या थेंबाच्या शेकडो पट लहान. आतड्याच्या अस्तरालगत पाण्याचा एक जवळपास स्थिर थर असतो, त्यातून तो सहज पलीकडे जातो. माल पेशीच्या दारात उतरतो, पित्तक्षार मात्र आत जात नाहीत. ते तसेच खाली वाहत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतात, तिथं सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात आणि रक्तावाटे यकृताकडे जातात. शरीरात एका वेळी पित्तक्षार असतात जेमतेम तीनेक ग्रॅम, पण ही फेरी दिवसात सहा ते दहा वेळा होते, त्यामुळे रोजचं काम वीस-तीस ग्रॅमचं निघतं. पित्ताशय काढल्यानं ही फेरी मोडत नाही. उलट, साठवण नसल्यामुळे ती जास्त वेळा होते.

पित्त आणि स्वादुपिंडाचा रस, दोन्ही लागतात, हे कळलं कसं? १८४६ च्या सुमारास पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार सशांवर काम करत होते. सशात पित्ताची नळी आतड्याला वरच उघडते आणि स्वादुपिंडाची नळी त्याखाली सुमारे फूटभरावर. चरबी खाल्लेल्या सशाचं पोट उघडल्यावर त्यांना दिसलं, की आतड्यातून चरबी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या दुधाळ पांढऱ्या दिसतात, पण फक्त स्वादुपिंडाच्या नळीच्या खाली. वर पित्त होतं, पण ते पुरेसं नव्हतं. पुढे त्यांचेच शिष्य आल्बेर दास्त्र यांनी कुत्र्यात उलटं करून पाहिलं. पित्ताची वाट बांधून पित्ताशय आतड्याला बरंच खाली जोडलं. आता वाहिन्या पांढऱ्या दिसल्या त्या पित्त मिळतं तिथून खाली. म्हणजे एकटं लायपेजही पुरत नाही.

आता माझ्या मावशीची गोष्ट. ६१ वर्षांची, सांगलीला असते. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. घरी आल्यावर तिनं तूप, तेल, दाणे, खोबरं, सगळं सोडलं. आठ महिन्यांत सात किलो वजन उतरलं. मग एका लग्नात मसालेभात जेवली, वर दोन चमचे तूप, आणि दुसऱ्या दिवशी जुलाब. फोनवर मला म्हणाली, "बघ, मला तूप पचत नाही हे आता नक्की झालं."

मी तिला विचारलं, "मावशी, लाज सोडून सांग, शौचाला दिसतं कसं?" ती म्हणाली, "पाण्यासारखं, पिवळं. जळजळतं. आणि अगं, सकाळी चहाच्याही आधी होतं, रोजच." तेलाचा तवंग? नाही. भांड्याला चिकटणं? नाही. अगदी घाण, सडका वास? नाही.

म्हणजे तूप पचत होतं. न पचलेली चरबी ओळखू येते: फिकट, चकाकणारा, वंगणासारखा, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटणारा मळ, आणि न विसरता येणारा वास. (नुसता तरंगणारा मळ याचा पुरावा नाही. तरंगणं बहुतेक वेळा त्यातल्या वायूमुळे होतं.) मावशीला त्रास होता तो पित्तक्षारांचाच. रात्रीचा साठा आता पिशवीत नसतो, सतत आतड्यात येत राहतो. लहान आतड्याच्या शेवटाला तो सगळा झेपला नाही, तर उरलेले पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरतात, आणि ते तिथं पाणी सोडायला लावतात. पोट उपाशी असतानाही जुलाब होत होते, यावरूनच ते तुपाचं काम नाही हे दिसत होतं.

तिच्या डॉक्टरांनी कोलेस्टायरामिनची पावडर दिली. ती आतड्यातच पित्तक्षारांना बांधून ठेवते. आठवडाभरात सकाळची धावपळ थांबली. एक गोष्ट मात्र तिला दोनदा सांगावी लागली: ही पावडर इतर औषधांनाही बांधते. ती थायरॉइडची गोळी घेते, म्हणून गोळी आणि पावडर यांत चार-पाच तासांचं अंतर ठेवायला सांगितलं.

खरंच चरबी पचत नाही अशीही माणसं माझ्याकडे येतात, पण तिथं दोष बहुधा पिशवीचा नसतो, स्वादुपिंडाचा असतो. स्वादुपिंडाजवळ लायपेजचा साठा भरपूर असतो. १९७३ मध्ये मेयो क्लिनिकच्या युजीन डिमाग्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लायपेजचं प्रमाण नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय मळात चरबी वाढत नाही. म्हणून दीर्घकाळ सुजलेलं स्वादुपिंड बरीच वर्षं कुरबुर न करता चालतं आणि मग वजन झपाट्यानं उतरू लागतं, सोबत अनेकदा मधुमेह. मळातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम तपासतात; ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर शंका घ्यावी. पण पाण्यासारख्या जुलाबात हा आकडा उगाच कमी दिसतो, हे लक्षात ठेवा. उपचार एन्झाइमच्या कॅप्सूलचा, आणि ती जेवताजेवता घ्यायची. तासभर आधी घेतलेली कॅप्सूल जेवणाबरोबर पुढे जात नाही, मग वाया जाते.

अजून एक प्रकार, ज्याला मी कधी थांबायला सांगत नाही. ऑपरेशननंतर मळ पांढुरका मातीसारखा, लघवी चहासारखी, डोळे पिवळे आणि अंगाला खाज, तर पित्ताच्या नळीत एखादा खडा राहिलेला असू शकतो. तेव्हा पित्त आतड्यात पोहोचतच नाही. त्या स्थितीतही बरीचशी चरबी कशीबशी शोषली जाते, पण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं मायसेलशिवाय जवळजवळ आत जात नाहीत. 'के' कमी पडलं की रक्त लवकर गोठत नाही, म्हणून अशा रुग्णाला शस्त्रक्रियेआधी त्याचं इंजेक्शन देतात. अशा दिवशी तुपाचा विचार बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

बाकी तुम्ही आज काय करायचं? दाट पित्ताची पिचकारी आता नाही, म्हणून एकाच जेवणात चार पुरणपोळ्यांवर तुपाची धार नको. तेवढंच तूप दिवसभरात वाटून घ्या: सकाळी भाकरीला अर्धा चमचा, दुपारच्या वरणात एक, रात्री भाजीच्या फोडणीत थोडं तेल. ते पचतं का हे मळाकडे बघून ठरवा. मावशी आता असंच जेवते, आणि गेलेल्या सातातले चार किलो परत आलेत.