वार-तारीख सराव, महिना आठवा: पत्रिकेतली २९ तारीख आणि दत्तजयंतीचा चकवा

मंडळी, या महिन्याचा हिशोब आधी सांगून टाकतो, चालू वर्षातल्या कुठल्याही तारखेचा वार आता मनातल्या मनात पाच-सहा सेकंदात काढतो, तारीख मागच्या शतकातली असेल तर अजूनही वीसेक सेकंद लागतात. पण आजचं लिखाण त्याबद्दल नाही, पहिल्यांदाच हा छंद घरात कामाला आला त्याबद्दल आहे.

मावसभावाचं लग्न. मावशीने पत्रिकेचा प्रूफ व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली "नावं नीट बघा रे सगळ्यांनी". सगळे नावंच बघत बसले, मी सवयीने तारखेवर गेलो. लिहिलं होतं, "मिती मार्गशीर्ष शु. १०, शके १९४७, रविवार दि. २९ नोव्हेंबर २०२५".

गणितज्ञ कॉन्वेची पद्धत आहेच, प्रत्येक महिन्यातली एक ठरलेली तारीख वर्षभर एकाच वारी येते, तो त्या वर्षाचा पक्का वार. २०२५ चा पक्का वार शुक्रवार. नोव्हेंबरसाठी ७ तारीख धरायची, म्हणजे ७ ला शुक्रवार, २८ लाही शुक्रवार, मग २९ ला शनिवार. रविवार नाहीच! दोनदा केलं, मग मोबाईलमध्येही बघितलं (हो, फसवणूक आहे, पण लग्नाचा मामला होता).

आता खरी गंमत इथून पुढे. आपलं गणित फक्त एवढंच सांगतं की दोघांचं जमत नाही, चुकलंय कोण ते सांगत नाही. रविवार बरोबर असेल तर तारीख ३० हवी, तारीख बरोबर असेल तर वार शनिवार हवा. लोकांना फोन करून "वार दुरुस्त करा" म्हणालो असतो आणि तारीखच चुकीची निघाली असती तर अर्धी पाहुणेमंडळी आदल्या दिवशी रिकाम्या हॉलवर.

एक दिवसाचा फरक दिसला की माझा पहिला संशय शेजारच्या वर्षाच्या कॅलेंडरवर जातो, कारण ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे मध्ये २९ फेब्रुवारी नसेल तर तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. २९ नोव्हेंबर २०२६ ला खरंच रविवार येतो. वाटलं, कुणीतरी पुढच्या वर्षाचं पान बघून वार टाकला.

पण मराठी पत्रिकेत तिसरा साक्षीदार असतो, तिथी. शु. १० कधी? मला दत्तजयंती पाठ होती, ४ डिसेंबर, गुरुवार, पौर्णिमा म्हणजे १५ धरली आणि मागे मोजत आलो, ३ ला १४, २ ला १३, १ ला १२, ३० ला ११, २९ ला १०. झालं, तारीख बरोबर, वार चुकला! मेसेज टाईपसुद्धा केला होता, पाठवणार तेवढ्यात आठवलं की मोक्षदा एकादशी तर १ डिसेंबरला, सोमवारी आहे. मग १ ला बारस कशी येईल?

कालनिर्णय काढलं भिंतीवरून. त्या दिवशी ४ तारखेला सकाळी सूर्योदयाला चतुर्दशीच होती, साडेआठनंतर पौर्णिमा लागली आणि ५ च्या पहाटे सूर्योदयाआधीच संपली. म्हणजे पौर्णिमेचा क्षय, तिच्या वाट्याला एकही सूर्योदय नाही. दोन तिथी एका दिवसात बसल्या आणि मी त्यांना दोन दिवस दिले. उलट चंपाषष्ठी, २६ नोव्हेंबर बुधवार, तिथून पुढे मोजलं तर २७ ला सातवी, २८ ला आठवी, २९ ला नववी, ३० ला दहावी. मध्ये क्षय-वृद्धी काही नाही. रविवार आणि दशमी एका बाजूला, २९ एकटी पडली.

मावशीला फोन केला. "अगं, लग्न ३० ला ना?" तर म्हणे, "३० लाच की, हळद २९ ला आहे, शनिवारी." मग उलगडा झाला, आधीच्या मसुद्यात हळदीची ओळ होती, डीटीपीवाल्याने तीच कॉपी करून लग्नाची ओळ बनवली, वार बदलला, मिती टाकली, तारीख बदलायची राहिली. माझी पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरची थिअरी साफ पडली.

यातून वहीत लिहिलेलं एकच, तिथी मोजताना जवळच्या सणापासून मोजायचं आणि मध्ये एक तरी दुसरा सण गाठून बघायचा. आणि हो, तारीख बरोबर सात दिवसांनी चुकली असती तर वार जुळला असता आणि मला काहीच कळलं नसतं, तिथे फक्त तिथीच पकडते.

सरावात अजून अडतंय ते लीप वर्षातला जानेवारी. काल ४ जानेवारी २०२८ बुधवार सांगून बसलो, आहे मंगळवार. ३ ऐवजी ४ धरायची हे डोक्यात आहे, पण तोंडातून ३ च येते.