जागा बोटभर

भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. वय वर्षं पाच. पहिल्याच रात्री पांघरुणात शिरून म्हणाली, "मावशी, नवीन गोष्ट सांग. आणि शेवटी म्हण पाहिजे, बाई सांगतात तशी." मी होकार दिला. गोष्ट जमायला मात्र तीन रात्री लागल्या.

पहिल्या रात्री सुचेल तसं सांगत गेले. एक खार, तिची ढोली, बाहेर पाऊस. आश्रयाला आधी चिमणी आली, मग बेडूक, मग ससा. गोष्ट रंगावी म्हणून मी एक सापही आणला. साप आला तशी भाची ताडकन उठून बसली. शेवटी चिमणीने खारीला सोन्याचा दाणा आणून दिला आणि मी समारोप केला, "म्हणून सगळ्यांशी दयाळूपणे वागावं." तिने लगेच तीन प्रश्न विचारले. साप कुठे गेला? दयाळूपणे म्हणजे कसं? आणि चिमणीकडे सोन्याचा दाणा नसता तर?

साप काढून टाकणं सोपं होतं. झोपतानाच्या गोष्टीत भीती आली की ती गोष्टीच्या आतच पूर्ण निवावी लागते, नाहीतर मूल ती उशाशी घेऊन झोपतं. तिघांऐवजी एकच पाहुणा ठेवला तर गोष्ट तीन-चार मिनिटांत संपते, तेही बरंच झालं. तिसऱ्या प्रश्नाने मात्र मला जागं ठेवलं. माझ्या गोष्टीत खारीचं वागणं चांगलं ठरत होतं ते सोन्यामुळे. दाणा काढला की तिने उगाच जागा दिली, असा अर्थ निघत होता, आणि पोरीने तो बरोबर पकडला होता.

म्हणजे बक्षीस बाहेरून यायला नको होतं. जे काही चांगलं घडायचं ते जागा देण्यातूनच घडायला हवं. दुसऱ्या दिवशी कामं करताना मी त्या ढोलीचाच विचार करत होते. खारीला थंडी का वाजते? ढोलीचं तोंड वाऱ्याकडे आहे म्हणून. चिमणी तोंडाशी बसली तर वारा अडेल. पण ओली चिमणी पिसं फुलवू शकत नाही, तर आधी तिला पुसायला हवं. पुसायला खारीकडे शेपटी आहेच. इथे गोष्ट आपोआप जुळली.

मग म्हणीकडे वळले. आधी सुचलं, "दया करी तो सुखी राही." हा सुविचार झाला, फळ्यावर लिहायचा. म्हण उपदेश करत नाही, चित्र दाखवते. "उथळ पाण्याला खळखळाट फार" यात माणूसही नाही आणि आज्ञाही नाही. शिवाय आपल्या कितीतरी म्हणींत क्रियापद गाळलेलं असतं: "खाण तशी माती", "आधी पोटोबा, मग विठोबा." दोन तुकडे, मध्ये छोटा थांबा, जमलं तर यमक. हे ध्यानात आल्यावर "दया" हा शब्दच सोडून दिला, कारण त्याला ना आकार ना स्पर्श.

पुढचा प्रयत्न "दिली जागा, मिळाली ऊब." चित्र आलं, पण हा सरळ सौदा वाटतो, आणि कानाला काही लागत नाही. मग "सरकली खार, ऊब झाली फार." यमक चोख, भाचीला आवडलंही असतं. पण गोष्ट न ऐकलेल्याला यातली खार कोण हे कळणार नाही. म्हण गोष्टीवाचून उभी राहिली पाहिजे, नाहीतर ते नुसतं बडबडगीत.

शेवटी मापाचे शब्द धरले. किती जागा? बोटभर. किती ऊब? पोटभर. पोटभर आपण जेवतो, पण पोटभर हसतोही, मग ऊब का नको? "जागा बोटभर, ऊब पोटभर." चारच शब्द. आईला फोन करून, गोष्ट न सांगता, नुसती म्हण ऐकवली. आई म्हणाली, "का गं, घरी पाहुणे आलेत वाटतं?" ही म्हण आधी कुठे ऐकली आहे का, हेही तिला आणि दोन मैत्रिणींना विचारलं, कारण कानाला इतकं ओळखीचं वाटणारं काहीतरी आपण नकळत उचललेलं असू शकतं. कुणीच ऐकलेली नव्हती.

दुसऱ्या रात्री नवी गोष्ट सांगितली आणि म्हणीपर्यंत पोचायच्या आत भाची गाढ झोपली. गोष्ट झोपेसाठी म्हणून जमली होती, पण म्हण तशीच राहिली. शेवट हाच तिचा कच्चा भाग, कारण नेमकं तेव्हाच ऐकणारं झोपेत असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी "बोटभर" हा शब्द सुरुवातीपासून पेरत आणला आणि शेवटाकडची वाक्यं आखूड, संथ केली. तिसऱ्या रात्री सांगितली ती अशी:

"एक होती खार. तिची ढोली एवढीशी. खार आत शिरली की बोटभर जागा उरायची, बस. एका रात्री पाऊस आला. वारा थेट ढोलीत. खारीने शेपटी पांघरली, तरी हुडहुडी काही जाईना.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, 'खारूताई, बोटभर जागा आहे का?' बघते तर चिमणी. चिंब भिजलेली.

खार म्हणाली, 'बोटभरच आहे गं.' चिमणी म्हणाली, 'मीही बोटभरच आहे.'

खार सरकली. अजून थोडी सरकली. चिमणी आत आली आणि ढोलीच्या तोंडाशी बसली. खारीने तिला शेपटीने पुसलं. पाठ पुसली. पंख पुसले. चिमणी हळूहळू सुकली. सुकली तशी तिची पिसं फुलली. फुलून फुलून ती कापसाच्या गोळ्याएवढी झाली. आणि ढोलीचं तोंड बंद झालं.

वारा आला. त्याला वाटच सापडेना. तो निघून गेला.

खारीने शेपटी चिमणीवर पसरली. चिमणी खारीला टेकली. आत ऊब. नुसती ऊब.

'चिमणे,' खार हळूच म्हणाली, 'जागा किती होती गं?'

'बोटभर.'

'आणि ऊब?'

'पोटभर.'

बाहेर पाऊस पडत होता. टप... टप... खार झोपली. चिमणी झोपली. जागा बोटभर, ऊब पोटभर."

खारीच्या पहिल्या प्रश्नावर भाचीने डोळे मिटलेलेच ठेवून "बोटभर" असं उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नाला ती नुसती हुंकारली. सवाल-जवाब हा मी शेवटच्या क्षणी केलेला बदल होता, आणि माझ्या मते गोष्टीतला सगळ्यात कामाचा तोच. म्हण माझ्या तोंडून आली असती तर शिकवण झाली असती. अर्धी म्हण तिने स्वतः पुरी केली.

ती घरी गेल्यावर आठवड्याने ताईचा फोन आला. भाची रोज रात्री धाकट्या भावाला गोष्ट सांगते म्हणे. खारीचा आता ससा झालाय, ढोलीचं बीळ झालंय, चिमणीच्या जागी कासव आलंय आणि पाऊस गायब आहे. मी घाईने विचारलं, "आणि म्हण?" ताईने फोन तिकडे धरला. आधी भाचीचा आवाज आला, "जागा?" आणि मग त्या दोन वर्षांच्या पोराचा, बोबडा पण ठणठणीत, "बोतभल!"