रात्रीच्या रेटिनॉलची संहिता: तिसरा खर्डा

माझ्या पुढच्या व्हिडिओचा विषय आहे रात्रीच्या निगेत रेटिनॉल, म्हणजे डाग आणि बारीक रेषांसाठी त्वचेला लावायचे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, पहिल्यांदा कसे आणावे. चित्रीकरण अजून सुरू झालेले नाही, कारण संहितेचे दोन खर्डे रद्द झाले आणि तिसरा आता कुठे हाताशी आला आहे. पहिला खर्डा साधारण साडेतेराशे शब्दांचा होता. हातातले काम दाखवत बोलताना माझा वेग मिनिटाला एकशे दहा शब्दांच्या आसपास पडतो, म्हणजे तो व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला असता. लांबी हा त्याचा लहान दोष होता. मोठा दोष असा की सगळी कृती आधी सांगून सावधगिरीच्या सूचना मी शेवटच्या दीड मिनिटात एकत्र कोंबल्या होत्या.

हा दोष माझ्या मावसबहिणीमुळे उघडा पडला. तिची त्वचा कोरडी, माझी तेलकट. चित्रीकरणाआधी कोणीतरी संहिता वाचून तशीच्या तशी कृती करून पाहावी, म्हणून मी तिला पहिली तीन पाने पाठवली आणि शेवटचे पान नंतर पाठवू असे ठरवले. तिने चेहरा धुतला, टॉवेलने ओझरता टिपला आणि ओलसर त्वचेवरच ०.३ टक्के रेटिनॉलचे सीरम लावले. त्याच दिवशी दुपारी तिने वरच्या ओठाचे थ्रेडिंग करून घेतले होते. रात्री जळजळ झाली आणि तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांच्या कडा व ओठांच्या वरची जागा सोलू लागली. ‘थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगच्या आधी व नंतर काही दिवस रेटिनॉल बंद ठेवा’ हे वाक्य चौथ्या पानावर होते. चूक तिची नव्हती. पायरी पहिल्या पानावर आणि तिची सूचना चौथ्यावर, अशी मांडणी माझी होती.

दुसऱ्या खर्ड्यापासून मी कागदाचे तीन रकाने केले: पडद्यावर काय दिसते, तोंडाने काय सांगायचे आणि त्याच क्षणी काय बिघडू शकते. तिसऱ्या रकान्यातले वाक्य त्या पायरीचे चित्र पडद्यावर असतानाच बोलले गेले पाहिजे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. गर्भवती, गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी रेटिनॉल वापरू नये, ही सूचना मात्र बाटली पडद्यावर येण्याआधीच, पहिल्या वीस सेकंदांत येते. ती ऐकून कोणी व्हिडिओ बंद केला तर तो योग्यच निर्णय ठरेल.

आता पायऱ्यांचा क्रम असा लिहिला आहे. चेहरा सौम्य क्लीन्झरने धुवायचा, टिपायचा आणि त्वचा पूर्ण कोरडी होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, कारण ओलसर त्वचेत द्रव्य अधिक वेगाने शिरते आणि चुरचुरण्याची शक्यता वाढते. ही प्रतीक्षा चित्रीकरणात कापली जाईल, म्हणून त्या जागी भिंतीवरचे घड्याळ दाखवण्याचे ठरवले आहे. नुसता कट घेतला तर पाहणाऱ्याला दोन्ही कृती लागोपाठच्या वाटतात. मग डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या बाजू आणि ओठांचे कोपरे यांवर मॉइश्चरायझरचा पातळ थर द्यायचा. त्यानंतर संपूर्ण चेहऱ्यासाठी एका वाटाण्याएवढे रेटिनॉल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपक्यांनी ठेवून पसरायचे आणि शेवटी मॉइश्चरायझर लावायचे. वाटाणा मी प्रत्यक्ष हातात धरून दाखवणार आहे. वाळलेला धरावा की ताजा, यावर घरात वाद झाला. मी ताजा निवडला, कारण वाळलेल्याएवढे सीरम चेहऱ्यावर पसरता पसरत नाही.

संहितेला फाटा फुटतो तो याच ठिकाणी आणि एकदाच. आधी मी कोरडी, तेलकट, मिश्र आणि संवेदनशील त्वचेसाठी चार वेगळे क्रम लिहिले होते. वाचून पाहिले तर माझाच गोंधळ उडाला. प्रत्यक्षात क्रम जवळपास तोच राहतो. फरक एवढाच की कोरड्या त्वचेच्या व्यक्तीने रेटिनॉलच्या आधीही संपूर्ण चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा एक थर द्यावा, म्हणजे रेटिनॉल दोन थरांच्या मध्ये येते. त्याने परिणाम थोडा सौम्य होतो आणि सुरुवातीला तेच हवे असते. तेलकट त्वचेला शेवटचा थर हलक्या जेलचा पुरतो. ज्यांना एक्झिमा किंवा रोझेशिया आहे त्यांच्यासाठी मी फाटा लिहिलाच नाही. त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे, एवढेच वाक्य आहे.

वारंवारतेबाबत पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, मग त्रास नसेल तर तीन, असे लिहिले आहे. त्या रात्री ग्लायकोलिक आम्लासारखे सोलणारे काही लावायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सनस्क्रीन लावणे ही वेगळी सूचना न ठेवता मी तिला याच क्रमाची शेवटची पायरी केले आहे, म्हणजे व्हिडिओ रात्री न संपता सकाळी संपतो. पहिल्या रात्रीआधी कानामागे पाच-सहा दिवस थोडेसे लावून पाहण्याची पॅच टेस्टही क्रमातच आहे, मात्र तिने सगळे धोके कळत नाहीत, हे तिथेच सांगितले आहे. ॲलर्जी बहुधा दिसते, पण चेहऱ्याला हळूहळू येणारा कोरडेपणा कानामागे कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘थांबा’ कधी म्हणायचे हे लिहिण्यात. मी पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंत लालसरपणा ही खूण सांगतात. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लाली पुष्कळदा दिसतच नाही. आधी ताण जाणवतो, त्वचा कागदासारखी चकाकते, आणि एरवी न झोंबणारे मॉइश्चरायझर झोंबू लागते. ही झोंबणारी खूण मी संहितेत सर्वांत वर ठेवली आहे, कारण ती कोणत्याही रंगाच्या त्वचेवर कळते. ती दिसली तर रेटिनॉल बंद करून साधे क्लीन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांवर यावे. दाह तसाच रेटत राहिले तर सावळ्या त्वचेवर त्याचे काळे डाग उरतात आणि ते जायला महिने लागतात. म्हणजे ज्या डागांसाठी रेटिनॉल सुरू केले तेच वाढतात. मावसबहिणीच्या ओठांवरची जागा आठ दिवसांत बरी झाली, डाग राहिला नाही. ते वेळीच थांबल्यामुळे झाले असावे, पण एका उदाहरणावरून तसे ठामपणे सांगणार नाही.

मर्यादांचा भाग आता चाळीस सेकंदांचा आहे. मी डॉक्टर नाही, माझी त्वचा तेलकट आहे आणि पडद्यावर दिसणारा परिणाम माझ्याच चेहऱ्यावरचा आहे, हे त्यात आहे. बारीक रेषा आणि पोत यांतला फरक दिसायला बारा आठवडे तरी लागतात, म्हणून ‘पहिल्या आठवड्यात फरक’ असे शीर्षक मी देणार नाही. नेहमीच्याच जागी येणाऱ्या पुळ्या सुरुवातीला काही आठवडे वाढू शकतात. नवीन जागी, खाजेसह आल्या तर ते बंद करण्याचे लक्षण समजावे. वेदना देणारे, खोल मुरूम असतील तर हा व्हिडिओ त्यांच्यासाठी नाही. ‘उजळ’ हा शब्द मी तीन ठिकाणांहून काढला.

तिसरा खर्डा आठशे तीस शब्दांचा झाला आहे, म्हणजे साडेसात मिनिटे. मावसबहिणीने तो संपूर्ण वाचून दोन प्रश्न विचारले: टिपण्यासाठी कोणता टॉवेल, आणि मानेला लावायचे का. पहिल्याचे उत्तर चित्रातच येईल. मानेसाठी मी ‘पहिला महिना नाही, तिथली त्वचा चेहऱ्याहून लवकर चिडते’ असे वाक्य वाटाण्याच्या दृश्यात घातले आहे. येत्या रविवारी घड्याळाचे आणि सकाळच्या सनस्क्रीनचे दृश्य आधी घेणार आहे, कारण खिडकीतला उजेड दहानंतर टिकत नाही.