‘लाइट उनी!’ : एका स्केचमधली चार वेळची हाळी

रावेरकडच्या केळीच्या मळ्यात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, एवढीच स्केचची गोष्ट. लांबी चार मिनिटं. रनिंग गॅग म्हणून, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा विनोद म्हणून, एक हाळी घेतली: ‘लाइट उनी!’, म्हणजे लाइट आली. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, आणि ती आली की माणूस समोरचं ताट सोडून मोटार सुरू करायला पळतो. खान्देशात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनच ते निवडलं. समजावण्यात दहा सेकंदं गेली की हसू तिथंच थंड होतं.

लिहायला बसलो तेव्हा पहिलं काम होतं दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचं. तीनचा नियम जवळजवळच्या तीन गोष्टींना लागतो: पहिलीने ओळख होते, दुसरीने सवय लागते, तिसरी ती सवय मोडते. दुसरीतच मोडलं तर मोडायला सवयच तयार नसते. रनिंग गॅग मात्र फिल्मभर पसरतो, आणि मधे प्रेक्षकाला त्याचा विसर पडावा लागतो. म्हणून पहिल्या तीन हाळ्या तीनच्या नियमाने बांधल्या, मग मोठी मोकळी जागा सोडली आणि चौथी शेवटी ठेवली.

पहिली हाळी पंचविसाव्या सेकंदाला. मुलाचे वडील विचारतात, ‘पोरगी किती शिकेल शे?’ मुलीचे वडील तोंड उघडतात, बाहेरून सालदार ओरडतो आणि ते उठून पळतात. इथं हसवायचं नाही. कारण नीट कळलं पाहिजे, म्हणून ओट्यावरच्या स्टार्टरच्या पेटीवरचा बल्ब पेटताना स्वतंत्र शॉटमध्ये दाखवला. आता मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो असतो, मग पळायचं कशाला, हा प्रश्न आपला प्रेक्षक विचारणारच. त्यासाठी पळतानाच एक ओळ दिली: ‘ऑटो जळी गया ना भो!’

दुसरी हाळी मिनिटभराच्या आसपास. तेच शब्द, तोच आवाज, कॅमेराही त्याच जागी. फक्त वेळ निम्मा. इथं नट हमखास काहीतरी नवीन करून दाखवतो, हाळी लांबवतो, चप्पल उलटी घालतो. ते मी काढून टाकलं. दुसरी वेगळी झाली की तिसरीला मोडायला काही उरत नाही.

तिसरी दीड मिनिटाला. हाळी येते, मुलीचे वडील या वेळी हट्टाने बसून राहतात, आणि पळतात मुलाचे वडील. तेही शेतकरीच, पाय आपोआप उचलले जातात. पहिल्या खर्ड्यात ते आधी दाराकडे बघत होते. ती नजर काढली, कारण तिने वळण दोन सेकंद आधीच फोडलं असतं. पळाल्यावर मात्र मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर शॉट पूर्ण दोन सेकंद ठेवला. हसायला जागा दिली नाही, तर पुढचं वाक्य हशात बुडतं.

त्यानंतर जवळजवळ दोन मिनिटं हाळीचं नाव नाही. इथं वेगळ्या जातीचं हसू लागतं, म्हणून संवादातला छोटा तीनचा नियम वापरला. मुलाचे वडील ऐट मारतात: ‘दहा एकर केळी, सगळं ठिबक, अन् बारा लाखाचं कर्ज.’ मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘कर्ज शे’ म्हटलं की हसवणारा शब्द शेवटून दुसरा होतो आणि हशाचा जोर जातो. तिन्ही ठिकाणी क्रियापद गाळलं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आणि सारख्या वजनाच्या ठेवल्या. त्याही विनोदी केल्या तर कर्ज ही फक्त तिसरी कोटी होते.

चौथी हाळी साडेतीन मिनिटांनी. मुलीला विचारतात, ‘पोऱ्या पसंत शे ना?’ ती क्षणभर गप्प, मग स्वतःच ओरडते, ‘लाइट उनी!’ दोन्ही बाप आणि नवरदेव पळतात. फ्रेममध्ये बल्ब विझलेलाच. गॅग आता तिच्या कामाला आला, म्हणून चौथ्यांदा चालतो. सालदारानेच पुन्हा ओरडलं असतं तर ते नुसतं दळण झालं असतं.

तपासायचं ते स्क्रिप्ट न वाचलेल्या चार-पाच जणांना दाखवून, पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून. दुसऱ्या हाळीला बारीक हसू आलं तर सवय लागली. तिसरीला कोणीच दचकलं नाही, तर वळण आधी कुठंतरी फुटलंय. शेवटी ‘मग लाइट आली का नाही?’ असं कोणी विचारलं, तर बल्ब दिसलाच नाही. दुपारच्या उन्हात पेटलेला आणि विझलेला बल्ब सारखाच दिसतो, म्हणून तो सावलीत, लाल रंगाचा आणि मुलीच्या डोक्याच्या अगदी जवळ घेतला.